राजीनाम्याची तारीख आणि सहाशे ऑप्शन्स

ऑगस्ट २०२५ मध्ये माझ्या भाचीच्या कंपनीच्या ईसॉप पोर्टलवर, म्हणजे कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअर ऑप्शन्सचा हिशेब दाखवणाऱ्या साइटवर, तीन आकडे दिसत होते. एकूण ऑप्शन्स २,०००. व्हेस्ट झालेले, म्हणजे वापरण्याचा हक्क पक्का झालेले, ६००. त्याखाली ठळक हिरव्या अक्षरांत मूल्य: ४८,००,००० रुपये. भाची पवईतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रॉडक्ट डिझायनर. दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली होती आणि सोमवारी, ११ ऑगस्टला, ती राजीनामा टाकणार होती. त्याआधीच्या शनिवारी ती लॅपटॉप घेऊन पार्ल्याला माझ्याकडे आली. मी कंपनी सेक्रेटरी. ईसॉपच्या योजना लिहिण्यात आणि त्यांचे ठराव बोर्डापुढे ठेवण्यात बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून घरातल्या कुणाचंही असलं पत्र शेवटी माझ्या टेबलावर येतं.

तिला फक्त एक पान हवं होतं. "मामा, चार ओळींत सांग. किती मिळाले, कधी मिळतात, केवढ्याला घ्यायचे आणि सोडल्यावर काय होतं." प्रश्न अगदी बरोबर होते. ईसॉपचा कुठलाही सारांश या चार गोष्टींवरच उभा असतो. अडचण एवढीच की पहिल्या तीन ओळींचं उत्तर चौथ्या ओळीवर अवलंबून असतं, आणि चौथी ओळ लोक सर्वात शेवटी वाचतात. बहुतेक जण वाचतच नाहीत.

तिच्याकडे दोन कागद होते. एक ऑफर लेटर, दुसरं ग्रँट लेटर, म्हणजे ऑप्शन्स दिल्याचं पत्र. ऑफर लेटरमध्ये एकच वाक्य होतं: चार वर्षांत व्हेस्ट होणारे वीस लाख रुपयांचे ईसॉप. ग्रँट लेटर दोन पानांचं होतं, त्यात आकडे होते, आणि प्रत्येक अडचणीच्या जागी "योजनेतील तरतुदींनुसार" असं लिहून लेखक मोकळा झाला होता. तिसरा कागद, म्हणजे ती योजना, तिने कधी पाहिलीच नव्हती. पोर्टलवर "डॉक्युमेंट्स" नावाच्या कोपऱ्यात बत्तीस पानांची पीडीएफ पडून होती. ग्रँट लेटरमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की दोन्हींत तफावत असेल तर योजना प्रमाण. हे वाक्य जवळजवळ प्रत्येक ग्रँट लेटरमध्ये असतं. म्हणून सारांश काढायला बसताना मी आधी योजना उघडतो, मग ग्रँट लेटर, आणि ऑफर लेटर फक्त माणसाची समजूत कुठून आली ते कळायला.

तर पहिली ओळ, किती मिळाले.

ऑफर लेटरमधले वीस लाख आणि ग्रँट लेटरमधले २,००० ऑप्शन्स यांचा मेळ लावणं सोपं होतं. ऑफर दिली तेव्हा कंपनीने शेअरचा भाव १,००० रुपये धरला होता. दोन हजार गुणिले हजार, वीस लाख. पण हे २,००० शेअर्स नाहीत. ठरलेल्या भावाने शेअर विकत घेण्याचा हा हक्क आहे, आणि तिच्या ग्रँट लेटरप्रमाणे तो भाव प्रति शेअर ४०० रुपये होता. म्हणजे ज्या दिवशी तिला "वीस लाखांचे" ऑप्शन्स मिळाले, त्या दिवशीही त्यातले आठ लाख तिला स्वतःच्या खिशातून घालायचे होते. तिच्या वाट्याचा फरक बारा लाखांचाच. ऑफर लेटरमधला आकडा खोटा नव्हता, पण त्यात एक वजाबाकी राहिली होती, आणि ती करून दाखवण्याची घाई कंपनीला कशाला असेल?

दोन हजार हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. कंपनीचे एकूण शेअर्स किती, प्रेफरन्स शेअर्स आणि बाकीचे सगळे ऑप्शन्स धरून, हे कळलं तर तो आकडा बोलू लागतो. भाचीने एचआरला विचारलं, तर साधारण चाळीस लाख असं उत्तर आलं. म्हणजे तिचा हिस्सा सगळे ऑप्शन्स धरून ०.०५ टक्के. काही कंपन्या हा आकडा सांगत नाहीत. तेव्हा मी सारांशात ती जागा रिकामी ठेवतो आणि "कंपनीने सांगितले नाही" असं लिहितो. तिथे अंदाज भरण्यापेक्षा रिकामी जागा बरी.

आता ते हिरवे अठ्ठेचाळीस लाख. पोर्टलने २,००० ला २,४०० रुपयांनी गुणलं होतं. हे २,४०० म्हणजे आदल्या वर्षीच्या फंडिंग फेरीत गुंतवणूकदारांनी दिलेला भाव, आणि तो त्यांनी प्रेफरन्स शेअर्ससाठी दिला होता. कंपनी विकली गेली किंवा बंद पडली तर आधी त्यांचे पैसे सुटतात, मग साध्या शेअरवाल्यांचा नंबर लागतो. या हक्काचीही किंमत त्या २,४०० मध्ये आहे. भाचीला मिळणार ते साधे इक्विटी शेअर्स, ज्यांचा भाव मर्चंट बँकरच्या ताज्या अहवालात १,५०० होता. शिवाय पोर्टलने न मिळालेले १,४०० ऑप्शन्सही हिशेबात धरले होते आणि ४०० रुपये वजा केलेच नव्हते. त्या शनिवारी तिच्या हातात खरोखर जे होतं ते असं: व्हेस्ट झालेले ६००, प्रत्येकी १,५०० वजा ४००, म्हणजे ६,६०,००० रुपये, तेही कर भरण्याआधीचे आणि विकता न येणारे. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे हिरवं कशाला रंगवतात?"

दुसरी ओळ, कधी मिळतात.

ती कामावर रुजू झाली १६ मे २०२२ रोजी. तेव्हा तिच्या डोक्यात हिशेब असा की चार वर्षं म्हणजे दरवर्षी पंचवीस टक्के, आणि घड्याळ रुजू झाल्याच्या दिवसापासून. दोन्ही गोष्टी चुकीच्या निघाल्या. ग्रँट लेटरवर ग्रँटची तारीख होती १ ऑक्टोबर २०२२, कारण बोर्डाने त्या तिमाहीचे ग्रँट तेव्हा मंजूर केले. रुजू होणं आणि ग्रँट होणं यांत चार-पाच महिने जाणं अगदी नेहमीचं आहे. कंपनी कायद्याखालच्या २०१४ च्या शेअर कॅपिटल आणि डिबेंचर्सच्या नियमांत नियम १२ आहे. त्यात ग्रँट आणि पहिलं व्हेस्टिंग यांत किमान एक वर्षाचं अंतर सांगितलंय, आणि ते ग्रँटच्या तारखेपासून मोजायचं. रुजू झाल्याच्या तारखेशी त्याचा संबंध नाही. कंपनी शेअर बाजारात असेल तर हा नियम लागू होत नाही, तिथे सेबीचे २०२१ चे नियम पाहावे लागतात. किमान एक वर्षाची अट मात्र तिथेही आहे.

हप्तेही समान नव्हते. पहिल्या वर्षी १० टक्के, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३० आणि चौथ्या वर्षी ४०. म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ ला २००, २०२४ ला ४००, २०२५ ला ६०० आणि २०२६ ला ८००. अशा मागे जड असलेल्या वेळापत्रकाला माझी हरकत नाही, माणसं टिकावीत म्हणून कंपन्या तसं करतात. पण "चार वर्षांत" एवढंच लिहून ते झाकलं जातं, याला आहे. तीन वर्षं नोकरी केल्यावर आपल्याकडे पाऊण भाग आला असेल असं कुणालाही वाटेल, आणि प्रत्यक्षात तिच्याकडे तीस टक्के होते.

पुढे तिला खरं वेळापत्रक पोर्टलवरून माहीत झालेलं होतं, म्हणूनच तिने ११ ऑगस्टची तारीख काढली होती. नोटीस पिरियड साठ दिवसांचा. ११ ऑगस्टला राजीनामा दिला की शेवटचा दिवस १० ऑक्टोबर. १ ऑक्टोबरला ती अजून पगारावर, तेव्हा तिसऱ्या हप्त्याचे ६०० पदरात पडणार, आणि नव्या कंपनीला हवी तशी ऑक्टोबरच्या मध्याला ती मोकळी. हिशेब चोख दिसत होता. तिच्या टीममधल्या दोघांनीही तिला हेच सांगितलं होतं.

तिसरी ओळ, केवढ्याला घ्यायचे, यावर नंतर येतो. कारण याच ठिकाणी मी योजनेचं एकोणिसावं पान उघडलं आणि पहिल्या तीन ओळी पुन्हा लिहायची वेळ आली.

नोकरी सोडण्याबद्दल नियम १२ काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. नोकरीत असताना मृत्यू आला तर तोवर दिलेले सगळे ऑप्शन्स वारसांच्या किंवा नॉमिनीच्या नावे व्हेस्ट होतात. कायमचं अपंगत्व आलं तर त्या दिवशी सगळे व्हेस्ट होतात. राजीनामा दिला किंवा नोकरीवरून काढलं तर "त्या दिवशी" जे व्हेस्ट झालेले नाहीत ते रद्द, आणि जे झालेत ते योजनेत दिलेल्या मुदतीत घेता येतात. आता "तो दिवस" कुठला? राजीनाम्याचा मेल पाठवला तो, कंपनीने स्वीकारला तो, की शेवटचा कामाचा दिवस? नियम एवढ्यावर थांबतो. पुढचं योजना ठरवते, आणि प्रत्येक कंपनीची योजना वेगळी.

भाचीच्या योजनेत व्याख्यांच्या पानावर, "प्रवर्तक" आणि "शेअर" यांच्या मधोमध, "राजीनाम्याची तारीख" अशी व्याख्या होती. कर्मचाऱ्याने लेखी किंवा ईमेलने राजीनामा सादर केला ती तारीख, शेवटचा कामाचा दिवस कोणताही असो. आणि एकोणिसाव्या पानावर: राजीनाम्याच्या तारखेस व्हेस्ट न झालेले सर्व ऑप्शन्स त्या तारखेपासून रद्द समजले जातील.

म्हणजे सोमवारी सकाळी तिने मेल पाठवला असता तर त्याच क्षणी तिसऱ्या हप्त्याचे ६०० गेले असते. नोटीसचे साठ दिवस ती कामावर आली असती, पगार घेतला असता, १ ऑक्टोबरही ऑफिसमध्येच उजाडला असता, पण व्हेस्टिंग ११ ऑगस्टलाच थांबलं असतं. टीममधल्या त्या दोघांचं काय झालं ते मग तिने विचारलं. एकाने सोडताना पोर्टल पाहिलंच नव्हतं. दुसऱ्याची योजना आधीच्या कंपनीची होती, जिथे शेवटचा कामाचा दिवस धरत. दोघंही मनापासून सांगत होते.

याच पानावर दुसरं घड्याळ होतं, आणि ते वेगळ्या दिवसापासून सुरू होत होतं. व्हेस्ट झालेले ऑप्शन्स घेण्याची मुदत शेवटच्या कामाच्या दिवसापासून ९० दिवस. एकाच योजनेत, एकाच परिच्छेदात, व्हेस्टिंग थांबतं राजीनाम्याच्या तारखेला आणि ९० दिवस मोजायचे शेवटच्या दिवसापासून. सारांश करणारा इथेच घसरतो. "सोडल्यावर ९० दिवस" असं एक वाक्य लिहून दोन्ही तारखा एकात मिसळतो. माझा आग्रह असा की चौथ्या ओळीत "सोडल्यावर" हा शब्दच नको. "राजीनामा सादर केल्याच्या दिवशी" आणि "शेवटच्या कामाच्या दिवसानंतर" असं दोनदा लिहावं, आणि दोन्हींपुढे योजनेचा पान क्रमांक टाकावा.

आणखी दोन कलमं त्याच भागात होती. गैरवर्तनावरून काढलं तर व्हेस्ट झालेलेही जातात, आणि गैरवर्तनाच्या व्याख्येत गोपनीयतेचा भंग आणि नोकरी चालू असताना स्पर्धक कंपनीचं काम करणं हे दोन्ही होतं. दुसरं कलम जास्त महत्त्वाचं: नोकरी सुटल्यापासून बारा महिन्यांत कंपनी, किंवा कंपनीने नेमलेली व्यक्ती, माजी कर्मचाऱ्याचे शेअर्स त्या वेळच्या वाजवी बाजारभावाने परत विकत घेऊ शकते. गैरवर्तन नंतर उघड झालं तर मात्र कर्मचाऱ्याने दिलेल्या मूळ भावाने, म्हणजे ४०० रुपयांनी. लोकांना वाटतं शेअर एकदा घेतला की आपला झाला. तो आपलाच असतो, फक्त या बारा महिन्यांत विकायचा की नाही हे आपल्या एकट्याच्या हातात नसतं.

भाचीची नवी कंपनी आरोग्यसेवेतली होती, त्यामुळे स्पर्धेचा प्रश्न नव्हता. तरीही "राजीनाम्याची तारीख" या व्याख्येवर मी तिला एचआरकडून लेखी उत्तर घ्यायला सांगितलं. प्रश्न कसा विचारायचा हीसुद्धा एक कला आहे. "मी राजीनामा दिला तर काय होईल?" असा मेल पाठवणं म्हणजे राजीनाम्याची आगाऊ वर्दी देणं. तिने विचारलं ते असं: योजनेतल्या व्याख्येनुसार व्हेस्टिंग राजीनामा सादर केल्याच्या तारखेला थांबतं की शेवटच्या दिवशी, आणि पोर्टलवरचं वेळापत्रक त्याप्रमाणेच आहे का? चार दिवसांनी उत्तर आलं: सादर केल्याच्या तारखेला. एका ओळीचा मेल, पण तो जपून ठेवायचा. उद्या एचआरमधली माणसं बदलतात, मेल राहतो.

आता तिसरी ओळ. ४०० रुपये हा भाव ग्रँट लेटरमध्ये होता आणि योजनेशी जुळत होता, तेवढ्यापुरतं सोपं. पण ऑप्शन घ्यायला लागणारे पैसे ४०० नसतात. ज्या दिवशी ऑप्शन वापरून शेअर घेतो, त्या दिवशीचा वाजवी बाजारभाव आणि आपण भरलेला भाव यांतला फरक हा पगाराचाच भाग धरला जातो, आणि त्यावर कंपनीला टीडीएस कापावा लागतो. शेअर विकलेला नसतो, हातात एक रुपया आलेला नसतो, तरी कर लागतो. भाचीच्या बाबतीत फरक १,१०० रुपये. तिचं उत्पन्न नव्या करप्रणालीत चोवीस लाखांच्या वर आणि पन्नास लाखांच्या आत, म्हणजे दर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, मिळून ३१.२ टक्के. एका ऑप्शनवर कर ३४३ रुपये २० पैसे. म्हणजे सारांशात "४०० रुपये" असं लिहून थांबलो तर माणूस जवळजवळ निम्म्या तयारीनिशी बँकेत जातो. मी लिहितो: प्रति शेअर ४०० रुपये कंपनीला, आणि आजच्या भावाने सुमारे ३४३ रुपये कर, एकूण सुमारे ७४३.

नोकरीत असताना हा कर पगारातून कापता येतो. नोकरी सुटल्यावर पगारच नसतो, तेव्हा कंपन्या सहसा शेअरच्या रकमेबरोबर कराची रक्कमही आधी मागतात आणि मगच शेअर देतात. भाचीने कुठेतरी वाचलं होतं की स्टार्टअपमध्ये हा कर पुढे ढकलता येतो. ढकलता येतो, पण दोन अटी आहेत आणि दोन्ही तिला आड आल्या. नुसती डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्र सरकारच्या उद्योग विभागाची, स्टार्टअप म्हणून मान्यता पुरत नाही. करसवलतीसाठीचं आंतरमंत्रालयीन मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, जे तिच्या कंपनीकडे नव्हतं. आणि असतं तरी उपयोग नव्हता, कारण ढकललेला कर नोकरी सोडली की देय होतो.

वाजवी बाजारभाव कोण ठरवतो, हेही पाहायला हवं. शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचा भाव पहिल्या वर्गातला मर्चंट बँकर ठरवतो, आणि करासाठी तो ऑप्शन वापरल्याच्या तारखेचा किंवा तिच्या आधीच्या १८० दिवसांतल्या तारखेचा चालतो. तिच्या कंपनीच्या अहवालात भाव ३० जून २०२५ चा होता. १८० दिवस २७ डिसेंबरला संपत होते. त्यानंतर ऑप्शन वापरले तर नवा अहवाल, नवा भाव आणि त्याप्रमाणे नवा कर. भाव वर गेला तर ९० दिवसांची मुदत शिल्लक असूनही तिला जास्त कर भरावा लागणार होता. मुदतीचा शेवटचा दिवस आणि कराच्या दृष्टीने सोयीचा शेवटचा दिवस या दोन वेगळ्या तारखा निघाल्या.

एवढं सगळं मांडल्यावर तिने विचारलं, "मग मामा, थांबू की जाऊ?"

थांबायची किंमत होती. नवीन नोकरीत महिन्याला चाळीस हजार जास्त मिळणार होते, दोन महिने उशीर म्हणजे ऐंशी हजार गेले. समोर ६०० ऑप्शन्स, कागदावर ६,६०,००० चा फरक. पण ते घ्यायला प्रत्येकी ७४३ रुपये हवेत, आणि तिच्याकडे मोकळे पैसे सात लाखांच्या आसपास. सगळे १,२०० घ्यायचे तर ८,९१,८४० लागत होते. माझं मत मी तिला सांगितलं: उधार घेऊन किंवा घराच्या डाउन पेमेंटचे पैसे मोडून कधीही ऑप्शन वापरू नये. हा शेअर उद्या विकता येईल याची खात्री नाही, आणि भाव पडला तर भरलेला कर परत मिळत नाही. विकून तोटा झाला तरी तो फक्त भांडवली नफ्यातून वजा होतो, पगारातून नाही. पगारासारखा कर भरायचा आणि तोटा मात्र गुंतवणुकीसारखा सोसायचा, असा हा एकतर्फी सौदा आहे.

तिने मधला मार्ग काढला. योजनेत ऑप्शन्स अंशतः वापरायला परवानगी होती, हे बाविसाव्या पानावर सापडलं. सात लाखांत ९०० बसत होते: शेअर्सचे ३,६०,००० आणि कराचे ३,०८,८८०, मिळून ६,६८,८८०. म्हणजे थांबण्याचा खरा फायदा ६०० चा नव्हता, ३०० चा होता, कागदावर ३,३०,००० रुपये, करापूर्वी. ऐंशी हजारांच्या बदल्यात तिला तो पुरेसा वाटला. मला तो काठावरचा वाटला, आणि मी तसं बोललो. तिचं म्हणणं पडलं, "ही कंपनी मी आतून पाहिलीय, तू नाही." या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नव्या कंपनीने डिसेंबरपर्यंत थांबायचं कबूल केलं, त्यामुळे वाद तिथेच मिटला.

ठरल्यावर मी तिला जे पान दिलं ते असं होतं.

किती: २,००० ऑप्शन्स, ग्रँट १ ऑक्टोबर २०२२ (ग्रँट लेटर, पान १). सगळे ऑप्शन्स धरून कंपनीचे सुमारे ४० लाख शेअर्स (एचआरचा मेल). ऑप्शन वापरून शेअर मिळेपर्यंत मतदानाचा किंवा लाभांशाचा हक्क नाही.

कधी: १ ऑक्टोबर २०२३ ला २००, २०२४ ला ४००, २०२५ ला ६००, २०२६ ला ८०० (ग्रँट लेटर, पान २). आज व्हेस्ट ६००. १ ऑक्टोबर २०२५ नंतर १,२००.

केवढ्याला: प्रति शेअर ४०० रुपये. ३० जून २०२५ च्या १,५०० च्या भावाने कर सुमारे ३४३. हा भाव २७ डिसेंबर २०२५ पर्यंतच चालेल.

राजीनामा सादर केल्याच्या दिवशी: व्हेस्ट न झालेले सर्व रद्द (योजना, पाने ४ व १९, एचआरचा मेल). शेवटच्या कामाच्या दिवसानंतर: व्हेस्ट झालेले घ्यायला ९० दिवस, अंशतः घेता येतात (पाने १९ व २२). बारा महिन्यांत कंपनी बाजारभावाने परत घेऊ शकते. गैरवर्तन आढळल्यास व्हेस्ट झालेले ऑप्शन्सही जातात आणि घेतलेले शेअर्स ४०० रुपयांनी परत.

या पानावर "मूल्य" अशी ओळ नाही, आणि ती मी मुद्दाम टाळली. भाव लिहिला तिथे त्याची तारीखही लिहिली. प्रत्येक दाव्यापुढे कागद आणि पान असल्यामुळे सहा महिन्यांनी कुणी प्रश्न विचारला तर शोधाशोध करावी लागत नाही. आणि "आज" हा शब्द एकदाच आहे, व्हेस्ट झालेल्या आकड्यापुढे, कारण तेवढाच आकडा आपोआप बदलणार होता.

१ ऑक्टोबरला बुधवार होता. तिने सकाळी नाही, दुपारी पोर्टल उघडलं, तर अजून ६०० च. अशा वेळी घाबरायचं कारण नसतं, बरीच पोर्टल्स रात्री हिशेब बदलतात, पण राजीनामा देण्याआधी आकडा डोळ्यांनी पाहिलेला बरा. दुसऱ्या दिवशी गांधी जयंती आणि दसरा एकत्र आले होते, ऑफिस बंद. संध्याकाळी सोनं वाटायला ती आमच्याकडे आली तेव्हा स्क्रीनवर १,२०० दिसत होते. तिने त्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला, तारखेसकट, आणि वैयक्तिक मेलवर पाठवून ठेवला. नोकरी सुटली की ऑफिसचा मेल बंद होतो आणि पोर्टलचं लॉगिन अनेकदा त्याच मेलवर असतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. योजना, ग्रँट लेटर, एचआरचे दोन्ही मेल तिने तेव्हाच बाहेर काढले. हे सगळे तिच्या स्वतःच्या ग्रँटचे कागद, त्यात गोपनीयतेचा भंग नव्हता. कंपनीचे इतर कागद मात्र हलवू नयेत, त्याच गैरवर्तनाच्या कलमात ते बसतं.

शुक्रवारी ३ ऑक्टोबरला राजीनामा गेला. शेवटचा दिवस २ डिसेंबर. ९० दिवस मोजले तर मुदत २ मार्च २०२६ ला संपत होती, पण आमच्या दृष्टीने खरी मुदत २७ डिसेंबर. १५ डिसेंबरला तिने ९०० ऑप्शन्सचा अर्ज भरला आणि एकाच दिवशी दोन रकमा वेगवेगळ्या पाठवल्या, शेअर्सची एक आणि कराची एक. एकत्र पाठवल्या की कोणते पैसे कशाचे यावर पुढे पत्रव्यवहार होतो. शेअर्स डिमॅट खात्यात यायला जानेवारी उजाडला. उरलेले ३०० ऑप्शन्स मुदत संपल्यावर रद्द झाले.

दोन कामं शिल्लक आहेत. जुन्या कंपनीच्या फॉर्म १६ मध्ये ९,९०,००० रुपयांचा हा लाभ आणि त्यावरचा टीडीएस बरोबर आलाय ना हे ताडून पाहायचं. नव्या कंपनीलाही हे उत्पन्न कळवलेलं असायला हवं, नाहीतर वर्षाच्या शेवटी कराचा हिशेब जुळत नाही. दुसरं, बाजारात नसलेल्या कंपनीचे शेअर्स वर्षात एक दिवस जरी नावावर असले तरी आयटीआर-१ भरता येत नाही. तिला आयटीआर-२ भरून त्यात कंपनीचं नाव, पॅन आणि शेअर्सची संख्या द्यावी लागेल. पुढे विकताना नफा १,५०० च्या वरचाच मोजला जाईल, कारण तेवढ्यावर पगार म्हणून कर भरून झालाय. शेअर्स मिळाल्यापासून चोवीस महिन्यांनंतर विकले तर तो नफा दीर्घ मुदतीचा, दर साडेबारा टक्के.